हीटरमध्ये उष्णता वाचते, मग काम कुठे हरवतं?

प्रश्न: हीटरला उष्णता अडवणारं लॅगिंग चोख आहे, उष्णता कुठेच गळत नाही. मग काम वाया जातं म्हणतात ते कसं?

उत्तर: सांगलीकडच्या साखर कारखान्यातला ज्यूस हीटर घ्या. रस 60 वरून 80 अंशांवर न्यायचा आहे, त्यासाठी 1000 किलोवॉट उष्णता लागते. टर्बाइनमधून बाहेर पडलेली एक्झॉस्ट वाफ 120 अंशांना, म्हणजे 393 केल्विनला थिजून पाणी होते. रसाचं सरासरी तापमान 343 केल्विन.

एंट्रोपीतला बदल म्हणजे उष्णता भागिले केल्विनमधलं तापमान. वाफेची एंट्रोपी सेकंदाला 1000/393 = 2.54 किलोज्यूल प्रति केल्विन घटते, रसाची 1000/343 = 2.91 वाढते. उष्णता तेवढीच, पण 0.37 एंट्रोपी नव्याने जन्मली. तिला बाहेरच्या तापमानाने गुणा (30 अंश, म्हणजे 303 केल्विन): सुमारे 112 किलोवॉट. वाफ, रस आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये आदर्श यंत्रं बसवली असती, तर रस तेवढाच तापवूनही एवढं काम मिळू शकलं असतं. हीटरवर हात ठेवून हे कळणार नाही, ऊर्जेचा हिशोब जुळलेलाच असतो.

आता त्याच कामाला बाष्पकाची, म्हणजे रस आटवताना निघणारी, 90 अंशांची वाफ वापरा. तोटा सुमारे 49 किलोवॉटवर येतो. फुकट मात्र नाही: तापमानातला फरक घटल्याने नळ्यांचं क्षेत्रफळ अडीच पटींहून जास्त लागतं.

नळ्यांत खरवड साचली की तेवढाच रस तापवायला वाफेचा दाब वाढवावा लागतो. दाबमापकाचा काटा असा हळूहळू वर सरकताना दिसला, की समजा तोटाही वाढतोय.