लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही दोघा भावंडांनी काय बोलावं?

प्रश्न: मे महिन्यात आई-बाबांच्या लग्नाला 25 वर्षं होतायत. दापोलीजवळ गावीच, अंगणात कार्यक्रम आहे. मला आणि धाकट्या भावाला मिळून छोटं भाषण करायचंय. आभार मानायचेत, थोडी थट्टाही हवी. कसं लिहू?

उत्तर: आमच्याकडे गेल्याच वर्षी हे झालं, गावही तुमच्याच बाजूला. पहिला मसुदा भावाने लिहिला होता. संसाररथाची दोन चाकं, रौप्यमहोत्सवी वाटचाल वगैरे. आत्येने ऐकून विचारलं, "हे कोणाबद्दल चाललंय?" मग तो फाडला आणि ठरवलं की घरातला एकच दिवस सांगायचा, आणि थट्टा आणि आभार दोन्ही त्याच दिवसातून काढायचे. थट्टा एकीकडे आणि आभार दुसरीकडे ठेवले, की आभार सुरू झाल्याबरोबर मागची मंडळी जेवणाच्या पंगतीकडे बघायला लागतात.

वाटणीचं एक सांगते. बाबांची थट्टा मी केली, भावाने नाही. तेच वाक्य तो बोलला की आमच्या घरात वाद वाटतो, मी बोलले की बाबा हसतात. तुमच्याकडे उलटही असेल, ते तुम्हालाच ठाऊक.

आम्ही बोललो ते साधारण असं:

मी: बाबा एसटी सुटायच्या तासभर आधी स्टँडवर जाऊन बसतात. गाडी लागेपर्यंत कंडक्टरच्या मुलाची इयत्ता त्यांना कळलेली असते. लग्नात मुहूर्ताला उशीर झाला तो आईकडच्यांमुळे, असं ते 25 वर्षं सांगतायत.

भाऊ: आईचं म्हणणं, उशीर झालाच नव्हता, बाबांचं वऱ्हाडच लवकर आलं होतं.

मी: पण 3 जून 2020 ला, निसर्ग वादळात, बाबांची घाई पहिल्यांदा थांबली. दुपारनंतर वारा पडला तसे ते वाडीत गेले आणि आडव्या झालेल्या पोफळी मोजायला लागले. मोजायचे, विसरायचे, पुन्हा पहिल्यापासून.

भाऊ: घराची कौलं उडाली होती, स्वयंपाकघरात पाणी होतं. आईने त्यातच कशीबशी चूल पेटवली, चहा केला आणि वाडीत घेऊन गेली. "आधी हा घ्या, मग मोजा," म्हणाली. आणि पदर खोचून दुसऱ्या टोकापासून स्वतः मोजायला लागली. दोघांची बेरीज 41 आली.

मी: पुढच्या पावसात दोघांनी नवी रोपं लावली. पोफळ धरायला पाच-सहा वर्षं जातात. बाबा म्हणाले, "तोवर पोरं शहरात गेलेली असतील." आई म्हणाली, "मग सुपारी कातरायला येतील की!"

भाऊ: आई, तुझ्या त्या चहाचे आभार आम्ही कधी मानले नाहीत. बाबा, पुन्हा रोपं लावलीत, त्याचेही नाहीत. आज मानतो.

मी: यंदा त्यातल्या तीन पोफळींना पोय आली आहे. बाबा, तुम्ही मोजली असतीलच.

एवढंच. घड्याळ लावून वाचलं तेव्हा दोन मिनिटांच्या आत संपलं. प्रत्यक्षात हसण्यात आणि भावाच्या आवंढ्यात वेळ जातो, तीन मिनिटं धरा.

एक वाक्य आम्ही गाळलं. "25 वर्षांत बाबांनी आईला एकदाच फिरायला नेलं, तेही गणपतीपुळ्याला." आम्हाला भारी वाटत होतं. मावशीला म्हणून दाखवलं तर ती हसली नाही, नुसती "हो, खरं आहे" म्हणाली. तेव्हा कळलं की ही आईची तक्रार आहे. ती चारचौघांत करायची की नाही, हे तिने ठरवायचं. म्हणून प्रत्येक विनोद आईच्या माहेरच्या एका माणसाला आणि बाबांच्या घरच्या एका माणसाला आधी ऐकवा. दोघंही हसले तरच ठेवा. पैसे, तब्येत आणि सासूसुनांचं जुनं काही असेल तर ऐकवायलाही जाऊ नका.

आणि माइकवर विसंबू नका. मे महिन्यात संध्याकाळी लाईट गेली की इन्व्हर्टरवर पंखा चालवायचा की स्पीकर, यावर काका लोकांची सभा भरते. आजीला पहिल्या रांगेत बसवा, तिच्यापर्यंत आवाज पोचेल अशी वाक्यं छोटी ठेवा. औक्षण झाल्यावर लगेच, पानं मांडायच्या आधी बोला.

शेवटचं वाक्य माझ्याकडे होतं. ते संपायच्या आतच बाबा खुर्चीतून म्हणाले, "तीन नाही, चार. विहिरीकडची एक तुम्ही बघितलीच नाहीत."