ध्रु की धृ? आणि ध्रुपद 'धरायचं' कसं

प्रश्न: आमच्या लालबागच्या चाळीतल्या गणपतीसाठी नवीन आरती लिहितोय. कडव्यानंतर जे परत परत येतं त्याला धृवपद म्हणायचं, धृपद की पालुपद? आणि पत्रिकेत ॥धृ॥ छापायचं ना? लोकांना एकदा ऐकून म्हणता आलं पाहिजे, सो काही टिप्स असतील तर सांगा. पहिला ड्राफ्ट: 'वंदन तुजला विघ्नविनाशक करुणासिंधो गजवदना, चाळकऱ्यांच्या हृदयमंदिरी नित्य असो तव अधिष्ठाना'.

धृवपद हा शब्दच नाहीये हो! दरवर्षी गणपती आले की मंडळांच्या पत्रिकांवर ॥धृ॥ बघायचं आणि गप्प बसायचं, यंदा नाही बसणार. मूळ शब्द ध्रुवपद, ध्रुव म्हणजे न हलणारा, तोच तो आकाशातला. ध्रुवपदाचं झिजून ध्रुपद झालं, म्हणून खूण ॥ध्रु॥. आपण मराठी माणसं ऋ चा उच्चार रु करतो, कृष्णाला क्रुष्ण म्हणतो, त्यामुळे धृ आणि ध्रु कानाला एकच लागतात आणि लिहिताना गडबड होते. संपलं. गवयांचं ध्रुपद पण ह्याच शब्दातून आलंय. मुखडा आणि कोरस म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना सिनेमावाले समजून सोडून देतो.

आता खरी मजा. १३व्या शतकात आपल्या देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादवांच्या पदरी शार्ङ्गदेव होता, त्याने संगीतरत्नाकर लिहिला. त्यात गाण्याच्या रचनेचे भाग सांगितलेत, उद्ग्राह, मेलापक, ध्रुव, आभोग. ह्यातले मेलापक आणि आभोग गाळले तरी चालतात पण ध्रुव गाळता येत नाही, म्हणून तो ध्रुव. म्हणजे तुमच्या पत्रिकेतल्या त्या एका अक्षराचा पत्ता थेट देवगिरीचा आहे आणि तुम्ही तिथे धृ छापताय!

ह्यावर आमच्या दादरच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त मास्तर दरवेळी तुकोबांना मध्ये आणतात. 'गाती पुढें त्याचें धरावें धृपद', बघा, गाथेत धृ आहे, आणि तो संस्कृतातल्या धृ धातूपासून, धृ म्हणजे धरणे. मास्तर, जुन्या लिखाणात कानाला येईल तसं लिहायचे, त्यावर व्युत्पत्ती ठरत नाही. गाथेतसुद्धा दुसऱ्या चरणापुढे ॥ध्रु॥ छापलेलं असतं, ते सोयीस्कर विसरता. पण एक कबूल, त्या ओळीतलं 'धरावें' मात्र सोन्यासारखं आहे. पुढे गाणारा गातो आणि मागचे ध्रुपद धरतात. माझं तर ठाम मत आहे की धृ ची चूक एवढी फोफावली ती ह्या 'धरण्या'मुळेच, लोकांना वाटलं धरायचं पद म्हणून धृपद. पुरावा मागू नका. पालुपदाबद्दल पण माझी थिअरी आहे, ते पल्लवातून आलं, म्हणजे पालवी, दर कडव्यानंतर परत फुटते ती, आणि कर्नाटक संगीतात पल्लवी आहेच की. मास्तरांना हेही पटत नाही, नसू दे. पण 'काय तेच पालुपद लावलंय' असं वैतागून बोलून बोलून आपण एका चांगल्या शब्दाची शिवी करून टाकली, म्हणून आरतीसाठी ध्रुपदच म्हणा.

हां, तुमची आरती राहिलीच. तर 'धरता' आलं पाहिजे हीच अट. आपल्या जुन्या आरत्या आठवा, जय देव जय देव जय मंगलमूर्ती, जय श्रीशंकरा, जय पांडुरंगा, जय श्रीगुरुदत्ता. पहिला अर्धा तुकडा सगळीकडे तोच, बदलतं फक्त नाव. देवी असेल तर जय देवी जय देवी. म्हणजे गर्दीला अर्धी ओळ ऐकायच्या आधीच पाठ असते, शिकायचं उरतं एक नाव आणि पुढची एक ओळ. शिवाय ही सगळी नावं संबोधनात आहेत, शंकर नाही तर शंकरा, पांडुरंग नाही तर पांडुरंगा. मराठीत शेवटचा अ आपण खातो, शंकर म्हटलं की तोंड र् वर बंद होतं, लांबवायचं काय? संबोधनाने शेवटी आयता आ मिळतो आणि पन्नास माणसं तो एकत्र ताणू शकतात. मूर्तीला मुळातच दीर्घ ई आहे, त्याचंही काम भागतं.

तुमच्या ड्राफ्टमध्ये शेवटी आ आहे, पण कसा? 'गजवदना' ठीक आहे, देवाला हाक आहे. 'अधिष्ठाना' काय आहे? अधिष्ठान असो म्हणायचं होतं, यमकासाठी आ चिकटवला. आणि दोन्ही ओळींत एकही तुकडा परत येत नाही, मग एकदा ऐकून कोण काय धरणार? करुणासिंधो पाशी तुमचे तळमजल्यावरचे काका नुसते ओठ हलवणार. न कळलेल्या शब्दाच्या जागी लोक ओळखीचा शब्द बसवतात, संकटी पावावेचं संकष्टी पावावे असंच झालं आणि लवथवतीचं लवलवती. पण गंमत बघा, ह्या चुका कडव्यांतल्या आहेत, 'जय देव जय देव' कोणी कधी चुकलंय का?

मी असं करीन:

जय देव जय देव जय गणराया
चाळीवर असू दे तुझी ही छाया

टाळी वाजवून म्हणा. जय देव, जय देव, जय गण, राया, चार ठोके. चाळीवर, असू दे, तुझी ही, छाया, परत चार. मात्रा मोजल्या तर पहिलीत १८ आणि दुसरीत २० भरतात, पण घाबरू नका, राया थोडं ताणलं की बसतं, गर्दी मात्रा मोजत नाही, झांजेचा ठोका मोजते. आणि राया ऐकलं की छाया नाहीतर माया येणार हे लोकांना आधीच कळतं, तेवढं कळू द्या, इथे हुशारी दाखवायची जागा नाही. विघ्नविनाशक, करुणासिंधो सगळं कडव्यात टाका, तिथे तुम्हीच म्हणणार आहात.

फक्त प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या ओळीला आया चं यमक ठेवा, 'आलो शरण मी पाया' असं काहीतरी साधं. ते ऐकू आलं की आता आपली पाळी हे लोकांना सांगावं लागत नाही. नाहीतर होतं काय, दोन जण आधी सुरू करतात, बाकीचे मागून येतात आणि झांजवाला वैतागतो.

छापायच्या आधी एका संध्याकाळी चाळीत म्हणून बघा. पहिल्या कडव्यानंतर ध्रुपद तुम्ही म्हणा, दुसऱ्यानंतर सगळ्यांबरोबर म्हणा, तिसऱ्यानंतर तुम्ही चक्क गप्प बसा. आवाज जिथे पुटपुटीवर येईल तो शब्द बदला. मला वाटतं 'असू दे' पाशी अडखळतील, तसं झालं तर 'राहू दे' करा, ठोका तोच राहतो. आणि पत्रिकेचं प्रूफ आलं की आधी ॥ध्रु॥ बघा, प्रेसवाला परत धृ करून ठेवतो, माझा दोनदा केलाय.