आजीचा ईजीएफआर 49 आला, आता?

"आजीचा किडनीचा पहिलाच रिपोर्ट आलाय. क्रिएटिनिन 1.2, म्हणजे नॉर्मलच. पण खाली ईजीएफआर 49 लिहिलंय. म्हणजे निम्मी किडनी गेली का? डायलिसिस लागेल? आजीला सांगू की लपवू?"

अकरावीतल्या नातीने हे मला दवाखान्याच्या व्हरांड्यात, आजीला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं. आजीला ऐकू गेलंच. "काय लपवतीस गं? माझं दुखणं हाय, मला कळू दे की."

निपाणीची ही आजी 68 वर्षांची. उमेदीची वर्षं तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्यात गेलेली. आमच्या भागात दवाखान्याची पाटी कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत आणि घरातलं बोलणं मराठीत. त्यामुळे कागद नातीच्या हातात आणि दुखणं आजीच्या अंगात, अशी वाटणी होऊन बसते. मी कागद आजीपुढे ठेवला. आकडे तिला येत होते, मोबाइलमुळे.

पहिली ओळ क्रिएटिनिनची. स्नायूंच्या रोजच्या कामातून निघणारा हा कचरा किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. आजीच्या रिपोर्टावर मर्यादा 0.6 ते 1.2 छापली होती, म्हणून 1.2 वर काहीच खूण नव्हती. पण 25 वर्षांच्या पोराचा आकडा 1.2 असला तर त्याचा ईजीएफआर 86 च्या आसपास निघतो. तेवढ्याच 1.2 वर आजीचा 49. नातीला हे पटेना. आजीने मात्र वखारीवरून सोडवलं, "वखारीत माणसं कमी, तरी कचरा तेवढाच साठतोय, म्हंजे झाडणारी ढिली पडलीया." आजीच्या अंगात स्नायू कमी, कचरा कमी तयार होतो, तरीही रक्तात तेवढाच सापडतोय. इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

ईजीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते याचा अंदाज. क्रिएटिनिन, वय आणि बाई की पुरुष यांवरून तो सूत्राने काढतात. म्हणून 49 म्हणजे "किडनी 49 टक्के उरली" असं नव्हे. तरुणपणी तो शंभराच्या आसपास असतो आणि वयाबरोबर उतरतो. सूत्राला माणसाची अंगकाठी दिसत नाही, ही त्याची खोट. आजीसारख्या काटकुळ्या बाईत आकडा असतो त्यापेक्षा बरा दिसू शकतो, म्हणून 49 हलक्यातही घ्यायचा नव्हता.

डायलिसिसचा विचार साधारण 15 च्या खाली उतरल्यावर, तोही त्रास कितपत आहे ते बघून होतो. 49 वरून तिथवर बरेच जण कधीच पोचत नाहीत. हे ऐकून नात रडली; आजी नाही.

मग मी गोळ्यांचं विचारलं. बीपीची गोळी "आठवंल तशी". गुडघ्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली दुखण्याची गोळी मात्र रोज दोनदा, दिवाळीपासून. नातीला ही गोळी माहीतच नव्हती. या जातीच्या गोळ्या किडनीकडे जाणाऱ्या रक्ताची वाट आवळतात. डॉक्टरांनी त्या बंद केल्या, गुडघ्याला दुसरा उपाय दिला आणि बीपीची गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायला लावली. एका रिपोर्टावर दीर्घ आजाराचा शिक्का मारत नाहीत. आकडा तीन महिने 60 च्या खाली राहिला, किंवा लघवीतून प्रथिनं जात राहिली, तरच. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा रक्त, आणि सोबत लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी. ती 30 च्या आत हवी. गाळणी फाटतेय का, हे तीच सांगते. रक्ताच्या आकड्यात ते दिसत नाही.

त्या तीन महिन्यांत नातीने आजीला ती ओळ शोधायला शिकवलं. "आधी एक बारकं अक्षर, मग तीन थोरली."

दुसऱ्या खेपेला आजीने रिपोर्ट नातीला धरू दिला नाही. बोट वरून खाली आणलं, थांबवलं. "पंचावन." क्रिएटिनिन 1.1 होतं. 49 चा 55 झाला तरी 60 च्या खालीच, म्हणून डॉक्टरांनी आजाराची नोंद केली. दुखण्याच्या गोळ्या कायमच्या बंद, बीपी काबूत, दर वर्षी तपासणी. आजीने मान हलवली आणि कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"लघवीचा कागूद कुठाय गं?"

तो लॅबमध्येच राहिला होता. आजीने नातीला तिथूनच परत पाठवलं. आकडा 18 होता.