ब्लड कल्चरच्या एका बाटलीत जंतू आले, दुसऱ्या बाजूच्या हातातल्या दोन्ही बाटल्यांत नाहीत. मग खरं काय?

प्रश्न: वडिलांना न्यूमोनियासाठी ॲडमिट केलंय. रक्तात जंतू वाढतात का ते बघायला ब्लड कल्चर केलं, त्याच्या चार बाटल्यांपैकी एकीत स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आलं. डॉक्टर म्हणतात कंटॅमिनेशन असेल, म्हणजे जंतू बाहेरून मिसळला असेल, परत रक्त घेऊ. त्या हाताला सलाईन लावतानाच रक्त घेतलं होतं. लॅबची चूक आहे का?

उत्तर: लॅबची बहुधा नाही. गडबड झाली असेल तर ती वडिलांच्या खाटेपाशी, सुई टोचतानाच्या मिनिटभरात.

एपिडर्मिडिस हा आपल्या सगळ्यांच्या कातडीवर राहणारा जंतू. कातडी कितीही पुसली तरी केसांच्या मुळाशी खोल दडलेले काही उरतातच, आणि सुई त्यांतूनच आत जाते. बाटली मशीनमध्ये ठेवली की मशीन ठरावीक मिनिटांनी बघतं, आत जंतू वाढून कार्बन डायऑक्साइड तयार होतोय का. सुईबरोबर गेलेले दोन-चार जंतूही पोषक द्रवात वाढून लाखोंनी होतात. पॉझिटिव्हचा इशारा रक्तातल्या आणि कातडीवरच्या जंतूंसाठी सारखाच, मशीनला खरा-खोटा कळत नाही.

ते आपण ओळखायचं, आणि त्यासाठी बाटल्यांची संख्या व वेळ बघायची. एका हातातून घेतलेल्या दोन बाटल्या म्हणजे एक सेट: हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी हवेची, हवेशिवाय वाढणाऱ्यांसाठी बिनहवेची. वडिलांचे दोन सेट दोन हातांतून घेतले, हे चांगलं झालं. जंतू खरंच रक्तात फिरत असता तर दुसऱ्या हातातही बहुधा सापडला असता. रिपोर्टवर ‘किती तासांनी पॉझिटिव्ह’ हेही विचारा. खऱ्या संसर्गात बाटली बऱ्याचदा पहिल्या २४ तासांतच बोलते, कातडीवरचे मोजके जंतू वाढायला सहसा जास्त वेळ घेतात. मात्र हा अंदाज आहे, नियम नव्हे. आणि एक अपवाद लक्षात ठेवा: वडिलांना कृत्रिम झडप, पेसमेकर किंवा मानेतली सेंट्रल लाईन असेल तर हाच जंतू खरा ठरू शकतो. तसं काही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. एकीतच का होईना, पण स्टॅफ ऑरियस किंवा ई. कोलाय आला असता, तर मी तो कंटॅमिनेशन म्हणून सोडून दिला नसता.

आपल्याकडे खर्चापायी पुष्कळदा एकच बाटली घेतात. त्यात हा जंतू आला की काहीच सांगता येत नाही, आणि मग ‘असू दे सोबत’ म्हणून व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू होतं. मूत्रपिंडांवर ताण, वाढलेला मुक्काम, आणि न्यूमोनियाच्या खऱ्या जंतूचा पत्ता नाहीच.

आता परत घेताना काय बघायचं. सलाईनच्या कॅन्युलातून घेऊ नये, वेगळी शीर टोचावी. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडीन लावून ३० सेकंद घासावं, मग ३० सेकंद नुसतं वाळू द्यावं. जंतू मरतात ते या वाळण्याच्या वेळात. फुंकर मारली किंवा कापसाने टिपलं की केलेलं वाया. पोव्हिडोन आयोडीन असेल तर दीड-दोन मिनिटं थांबावं लागतं, आणि घाईत तिथेच चुकतं. सगळ्यात नेहमीची चूक मात्र वेगळीच: पुसून झाल्यावर ‘शीर कुठे गेली’ म्हणून परत बोट लावणं. शीर आधीच चाचपून ठेवावी. बाटलीचं प्लास्टिकचं टोपण काढलं की खालचं रबरी बूच निर्जंतुक आहे असं लोकांना वाटतं. ते तसं नसतं. तेही स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं.

रक्त प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. हे जास्त वाटेल, पण खऱ्या संसर्गातही प्रौढांच्या रक्तात मिलीला एखादाच जंतू असू शकतो. तीन मिली घातलं तर तो निसटू शकतो. म्हणजे कमी रक्त खरा जंतू लपवतं आणि घाईची सुई खोटा दाखवते. सिरिंजने घेत असतील तर बिनहवेची बाटली आधी भरावी, सिरिंजमधली हवा तिच्यात जाऊ नये. बटरफ्लाय सुई असेल तर उलट: नळीतली हवा हवेच्या बाटलीत जाऊ द्यावी.

वेळेचं म्हणाल तर आदर्श म्हणजे अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. तुमच्याकडे तो बहुधा होऊन गेला असेल, म्हणून आता पुढच्या डोसच्या लगेच आधी, जेव्हा औषध रक्तात सर्वात कमी असतं. ताप चढायची वाट बघायची गरज नाही. जंतू रक्तात आल्यावर बऱ्याचदा अर्ध्या-एक तासाने हुडहुडी भरते, तोवर ते कमी झालेले असू शकतात. भरलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवू नये, नेहमीच्या तापमानात दोन तासांत लॅबला पोचवावी. बाटलीवर कुठल्या हातातून आणि किती वाजता घेतलं तेही लिहायला सांगा, नाहीतर पुन्हा एकीतच काही आलं तर कुठली बाटली कुठल्या टोचणीची, हे शोधत बसावं लागेल.