कमी बजेटमध्ये शिकवणी वर्गाचा मार्केटिंग प्लॅन

कॉलेजच्या असाइनमेंटसाठी आमच्या भागातल्या शिकवणी वर्गाचा मार्केटिंग प्लॅन लिहायचाय, बजेट फक्त ५,००० रुपये. सुरुवात कुठून करू?

खर्चाच्या यादीपासून नको, प्रवेशांच्या आकड्यापासून करा. समजा, आठवी-नववीचे ८ नवे प्रवेश हवेत. म्हणजे एका प्रवेशामागे ६२५ रुपये. महिन्याची फी ८०० असेल तर पहिल्याच महिन्यात वसूल. डेमोला आलेल्यांपैकी निम्मे टिकतील असं गृहीत धरलं, तर १६ मुलं डेमोला आणायची.

पत्रकं वर्तमानपत्रात घालून सगळ्या गावभर वाटू नका, बहुतेक रद्दीत जातात. जूनमध्ये शाळा सुटायच्या वेळी गेटबाहेर पालकांच्या हातात द्या. जुन्या पालकांनी मूल आणलं तर फीत २०० सूट, हे मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. प्रवेश-अर्जावर ‘कुठून कळलं?’ हा रकाना हवाच, नाहीतर कशाचा उपयोग झाला ते कळणारच नाही.