वर्गात बोलण्याला मार्क असतात तेव्हा

प्रश्न (निपाणी, सध्या अमेरिकेत एमएस): ताई, इथं पार्टिसिपेशनला 20 टक्के मार्क आहेत. मनात इंग्रजी वाक्य जुळवतोय तोवर चर्चा पुढं गेलेली असते. काय करू?

वाक्य वर्गात जुळवायचंच नाही, ते आदल्या रात्रीचं काम. रीडिंग वाचताना सगळं पिवळं करत बसू नकोस, जिथं 'आमच्याकडं असं नाही' वाटलं तिथं थांब, पान नंबर टाक आणि प्रश्न पूर्ण वाक्यात लिहून ठेव. समज रीडिंगमध्ये म्हटलंय की दर चांगला मिळतो म्हणून शेतकरी तंबाखू सोडत नाहीत. तू निपाणीचा, तुला लगेच शंका येईल. मग लिही : 'पान 14 वर दराचं कारण दिलंय, पण ज्यांच्या अंगावर व्यापाऱ्याची उचल आहे ते शेतकरी लेखकानं वेगळे मोजलेत का?' यात पान आहे, लेखकाचा दावा आहे आणि राहिलेली फटपण आहे, एवढ्यावर चर्चा चालू होते. असे दोन प्रश्न ने, आणि पहिला पहिल्या दहा मिनिटांतच विचारून टाक, कारण नंतर बोलणं कुठल्या कुठं जातं. उशीर झालाच तर 'मघाच्या मुद्द्याकडं परत येतो' म्हणायचं, कोणी हसत नाही.

आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे प्रोफेसर भेटायला वेळ देतात तेव्हा, जाऊन 'माझं पार्टिसिपेशन कसं चाललंय' हे सरळ विचार. सेमिस्टर संपल्यावर कळून उपयोग काय?

प्रश्न (खानापूर): सरांच्या म्हणण्यावर शंका काढली तर उद्धट नाही का वाटणार? आमच्या शाळेत असं केलं की बाहेर उभं करायचे.

शंका मुद्द्यावर घ्यायची, माणसावर नाही. 'तुम्ही चुकताय' नको, 'हा आकडा एकाच जिल्ह्याचा आहे, मग सगळ्या राज्याला कसा लावायचा?' असं विचार. असल्या प्रश्नानं बहुतेक प्रोफेसर खूषच होतात. चिडतात ते वेगळ्याच गोष्टीवर, रीडिंगमध्ये धडधडीत लिहिलेलं विचारलं की न वाचता आलायस हे लगेच कळतं.

प्रश्न (बेळगाव): ग्रुप प्रोजेक्टमध्ये चौघं आहोत, दोघं काहीच करत नाहीत. सगळं मीच करू का?

अजिबात नाही. कुणी कुठला भाग कधीपर्यंत द्यायचा हे पहिल्याच मीटिंगमध्ये शेअर्ड डॉक्युमेंटवर लिहून ठेवायचं, आणि लिखाणपण तिथंच करायचं म्हणजे व्हर्जन हिस्टरीत कुणी काय टाकलं ते दिसतं. तारीख चुकली की ग्रुपवर एक साधा मेसेज, दुसऱ्यांदा चुकली की शिक्षकांना मेल, पण मेल मुदतीच्या आठवडाभर आधी गेला पाहिजे, आदल्या रात्री गेलेल्या तक्रारीवर त्यांना काही करता येत नाही. आपली पोरं करतात काय, रात्रभर जागून चौघांचं काम उरकतात आणि मग पीअर इव्हॅल्युएशनच्या फॉर्मवर भिडेखातर सगळ्यांना पूर्ण मार्क देऊन मोकळी होतात. तो फॉर्म बऱ्याच ठिकाणी बाकीच्यांना दाखवत नाहीत, आधी विचारून घे आणि जे झालं तेच लिही.