हप्ता फसला तर लगेच सेवा तोडू नका

दादरच्या क्लासची ₹499 ची मासिक वर्गणी ऑटोपेवर घेताय, तर आधी पैसे न आल्याचं कारण साठवायला शिका. खात्यात शिल्लक नसेल तर पुन्हा प्रयत्न करा. ग्राहकाने मँडेटच, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगीच, रद्द केली असेल तर कितीही प्रयत्न करा, पैसे येणार नाहीत. त्याला नवीन लिंक पाठवा.

समजा, नूतनीकरण 28 तारखेला आहे आणि पगार 1 तारखेला. नवखे लोक 28 लाच तासातासाने प्रयत्न करतात आणि ते सगळे वाया जातात. त्याऐवजी 29, 1 आणि 3 ला करा. 5 पर्यंत सवलतीची मुदत द्या, क्लास चालू ठेवा, 6 ला थांबवा. पैसे 3 ला आले तरी पुढची तारीख 28 च राहू द्या, नाहीतर दर महिन्याला ती पुढे सरकत जाते.

सर्वांत महाग चूक वेगळीच: बँकेचं उत्तर ‘पेंडिंग’ असताना ते अपयश समजणं. अशा वेळी दुसरी मागणी पाठवली की दोनदा पैसे कापले जाऊ शकतात. आधी जुन्या व्यवहाराची स्थिती विचारा, मगच पुढे जा.

आणि हो, पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना जायलाच हवी. रिझर्व्ह बँकेचा तो नियम आहे.